बेंडमागचं काँक्रीट आणि टेकाडावरचा एअर व्हॉल्व्ह: आमच्या उपसा पाइपलाइनचा अनुभव

कृष्णेवरून पाणी उचलून वरच्या रानात न्यायचं हे आम्हा आठ शेतकऱ्यांनी जून २०२३ मध्ये ठरवलं. पलूस तालुक्यातली आमची द्राक्षं नदीपासून २,८०० मीटर लांब आहेत आणि नदीच्या पाण्यापेक्षा ३४ मीटर उंच. पाइप टाकायचा, मोटर बसवायची आणि पाणी पाडायचं, एवढंच काम डोळ्यांपुढे होतं. पाइप, मोटर, केबल यांची माहिती दुकानात मिळते. जिथे पाइप वळतो आणि जिथे तो चढून पुन्हा उतरतो, त्या जागांबद्दल मात्र कुणी सांगत नाही. आमचा सगळा त्रास याच दोन प्रकारच्या जागी झाला, म्हणून लिहितो आहे.

सुरुवात कागदांपासून झाली. पाणी उचलण्याच्या परवानगीचा अर्ज पाटबंधारे विभागाकडे जुलैत दिला. सोबत सगळ्यांचे सातबारा आणि आठ-अ, लाभक्षेत्राचा नकाशा, पीकनिहाय पाण्याची गरज आणि गटाचा ठराव जोडला. दोन वेळा त्रुटी निघाल्या. एकदा नकाशावर तलाठ्याची सही नव्हती, एकदा क्षेत्राची बेरीज जुळत नव्हती. परवानगी हातात पडली ती जानेवारी २०२४ मध्ये. मधल्या काळात ज्यांच्या रानातून पाइप जाणार त्यांच्या संमती स्टँप पेपरवर घेत होतो. संमती मिळालीच नाही तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, हे आम्हाला ठाऊक होतं. पण ज्याच्या बांधाला बांध आहे त्याच्याशी तहसीलमध्ये भांडून पाइप न्यायची कुणाचीच इच्छा नव्हती.

पाइप कुठे वळणार हे याच संमतींनी ठरवलं. नदीपासून तीनशे मीटरवर एका थोरल्या शेतकऱ्यांचं रान लागतं. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. तात्या म्हणाले, "पाइप न्या, माझं काही म्हणणं नाही. पण उसातनं तिरका नको. बांधाकडंनं न्या." बांधाकडेने न्यायचं म्हणजे सरळ रेषेऐवजी एक काटकोनी वळण आलं. पुढे बांधकाम विभागाने रस्ता काटकोनातच ओलांडायची अट घातली आणि तो पाइप मोठ्या सिमेंट पाइपाच्या आवरणातून न्यायला सांगितला. तिथे रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन वळणं आली. रस्ता ओलांडायची परवानगी अनामत भरून मार्चअखेर मिळाली. तुमच्याकडेही संमतिपत्रं करताना नकाशावर प्रत्येक वळणाला गोल करून ठेवा. त्या प्रत्येक गोलाला पुढे काँक्रीट लागतं, आणि त्या काँक्रीटला पाइपच्या रुंदीपेक्षा जास्त जागा लागते. "बेंडच्या जागी दोन मीटर बाय दोन मीटर खोदकाम" हे संमतिपत्रात आधीच लिहून घेतलं, तर चर खोदताना वाद होत नाही.

आमच्या गटातल्या एकाचे सासरे पाणीपुरवठ्याच्या कामांवर शाखा अभियंता होते, आता निवृत्त आहेत. त्यांना आप्पा म्हणतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पाइपच्या जोडाचा. "सोल्युशनचा जोड का रबर रिंगचा?" आमचा पाइप २०० मिलिमीटरचा पीव्हीसी, खालचे सहाशे मीटर आठ किलोच्या दाबाचा आणि पुढे सहा किलोचा, सगळा रबर रिंगचा. आप्पांचं म्हणणं असं होतं: सोल्युशनने चिकटवलेला जोड निदान काही ओढ सहन करतो. रबर रिंगचा जोड पाणी अडवतो, पण ओढ अजिबात धरत नाही. पाइप सॉकेटमधून बाहेर सरकायला लागला तर त्याला अडवणारं तिथे काही नाही. सरळ लाइनीत दोन्हीकडचा दाब एकमेकांना तोलून धरतो म्हणून काही होत नाही. वळणावर तो तोल जातो आणि बेंड बाहेरच्या बाजूला ढकलला जातो.

किती जोराने, हे त्यांनी आमच्या वहीत करून दाखवलं. मोटर चालू असताना पंपाजवळचा दाब साधारण ४.३ किलो प्रति चौरस सेंटिमीटर येणार होता. त्यात ३४ मीटर उंची, सात मीटर घर्षण आणि बाकी किरकोळ. चाचणी त्याच्या दीडपट, म्हणजे साडेसहा किलोला. पाइपच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. दोन्हींचा गुणाकार केला की २,०४१ किलो येतात. लाइन जिथे संपते तिथल्या बंद टोकावर एवढा जोर येतो. वळणावर हा आकडा वळणाच्या कोनाप्रमाणे बदलतो. काटकोनी बेंडला १.४१ ने गुणायचं, ४५ अंशाच्या बेंडला ०.७७ ने, साडेबावीस अंशाच्या बेंडला ०.३९ ने. म्हणजे तात्यांच्या बांधावरच्या काटकोनात जवळजवळ २.९ टन. पाणी वाहत असो वा नसो, दाब असला की जोर असतोच. पाणी वळताना जो धक्का देतं तो आमच्या सेकंदाला सव्वादोन फुटांच्या वेगाला फार किरकोळ आहे.

हा जोर बेंडच्या मागच्या जमिनीने पेलायचा असतो. काँक्रीटचं काम फक्त तो जोर मोठ्या क्षेत्रावर पसरवायचं. म्हणूनच ठोकळा किती जड आहे यापेक्षा त्याची पाठ किती मोठी आहे आणि ती कशाला टेकली आहे हे महत्त्वाचं. आप्पांनी काळ्या मातीसाठी पाच टन प्रति चौरस मीटर धरले, घट्ट मुरमासाठी दहा. वर दीडपट सुरक्षितता. २.९ टनांना काळ्या मातीत सुमारे ०.८७ चौरस मीटर पाठ लागते, म्हणजे एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद आणि ऐंशी सेंटिमीटर उंच. मुरमात त्याच्या निम्मी पुरते.

काळ्या मातीची आणखी एक गोष्ट आम्हाला एप्रिलमध्ये डोळ्यांनी दिसली. चर खोदायला घेतला तेव्हा रानात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा होत्या. पावसाळ्यात ठोकळ्याला घट्ट बिलगलेली माती उन्हाळ्यात आकसून त्याच्यापासून सुटते. मोटर तर आम्हाला उन्हाळ्यातच जास्त चालवायची. म्हणून बांधावरच्या बेंडला काळ्या मातीच्या आत, तिच्याखालचा मुरूम लागेपर्यंत खोल गेलो आणि ठोकळ्याची पाठ मुरमात घेतली. काटकोनी बेंडही काढून टाकला. त्याऐवजी अडीच मीटर अंतरावर ४५ अंशाचे दोन बेंड लावले. एकूण वळण तेवढंच राहिलं, पण प्रत्येक ठोकळ्यावर दीड-एक टन आला आणि दोन्ही ठोकळे आटोपशीर झाले. तात्यांच्या बांधाचा कोपरा थोडा कापला गेला. त्यांना आधी दोरी लावून दाखवलं, मगच चर मारला.

मार्चमध्येच एक सर्व्हेअर बोलावून ऑटो लेव्हल लावून घेतली होती. दर तीस मीटरला आणि जिथे जमीन वर-खाली होते तिथे रीडिंग. त्याने लाइनीचा उभा छेद काढून दिला. बारा हजार रुपये गेले, आणि माझ्या मते सबंध कामात इतका उपयोगी खर्च दुसरा झाला नाही. डोळ्यांना आमचं रान नदीकडून वर एकसारखं चढत जातं असं वाटायचं. छेदावर तीन उंचवटे निघाले. पहिला एका तालीचा, फूट-दीड फुटाचा. दुसरा रस्त्याच्या कडेचा. तिसरा खरा: १,९०० मीटरवर एक टेकाड, नदीपासून ३१ मीटर उंच, त्यापुढे ओढ्यात नऊ मीटर उतार आणि मग आमच्या हौदापर्यंत पुन्हा चढ.

पाइपमध्ये हवा नेहमी वर जाऊन बसते, आणि ती जाऊन बसते ती अशाच उंचवट्यांवर. लाइनीचं सगळ्यात उंच टोक हौदाकडे उघडं असतं, तिथली हवा आपोआप निघून जाते. मधल्या उंचवट्यावरच्या हवेला वाट नसते, ती काढायला एअर व्हॉल्व्ह लागतो. आप्पांनी पहिले दोन उंचवटे छेदावरच खोडून टाकले. "तिथं व्हॉल्व्ह नको. चर खोल घ्या, पाइप चढता ठेवा." तालीखाली आणि रस्त्याकडेला जेसीबीने अर्धा-पाऊण मीटर जास्त खोदलं, तिथला पाइप एकसारखा चढता बसला आणि दोन व्हॉल्व्ह, दोन चेंबर वाचले. चेंबर म्हटलं की नांगर अडतो, झाकण चोरीला जातं, आत साप बसतो. जो व्हॉल्व्ह खोदकामाने टाळता येतो तो टाळावा, हे मला पटलेलं आहे. चर खोदणाऱ्याला मात्र सतत सांगावं लागतं. तो जमिनीपासून सारखी खोली ठेवायला बघतो, आणि मग पाइप जमिनीसारखाच वर-खाली होतो.

टेकाड टाळता येत नव्हतं. तिथे साडेबावीस अंशाचा उभा बेंड आला, चढ संपून उतार सुरू होतो तिथे. या बेंडवरचा जोर वरच्या दिशेला, आकाशाकडे. मागे टेकायला जमीनच नाही, तेव्हा इथे ठोकळ्याचं वजनच कामाला येतं. पण दाबही इथे कमी असतो. नदीकाठी साडेसहा किलो असताना ३१ मीटर वरच्या टेकाडावर ३.४ किलोच राहतात. त्या हिशेबाने वरचा जोर सव्वाचारशे किलोच्या आत येतो. दीडपट धरून सव्वासहाशे किलो काँक्रीट, म्हणजे पाव घनमीटरपेक्षा थोडं जास्त. ते बेंडच्या खाली ओतलं आणि बेंडवरून लोखंडी पट्टी घेऊन दोन्ही टोकं काँक्रीटमध्ये गाडली. पट्टीखाली ट्यूबच्या रबराचा जाड तुकडा घातला, नाहीतर लोखंड पीव्हीसीला हळूहळू कापतं.

ठोकळे मेच्या पहिल्या आठवड्यात ओतले. एकास दोन, दोनास चार असं साधं काँक्रीट. मोठ्या ठोकळ्याला तीन पोती सिमेंट लागलं. बेंडला आधी जाड प्लास्टिक कागद गुंडाळला, म्हणजे काँक्रीट पीव्हीसीला चिकटत नाही. दोन्ही बाजूंचे जोड मोकळे ठेवले. जोडच काँक्रीटमध्ये गेला तर पुढे गळती दिसत नाही आणि दुरुस्तीला अख्खा ठोकळा फोडावा लागतो. सात दिवस गोणपाट भिजवत ठेवलं आणि त्या सात दिवसांत लाइनीला दाब दिला नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात चाचणी घेतली. महावितरणची जोडणी अजून नव्हती, म्हणून भाड्याच्या डिझेल इंजिनाने लाइन भरली. इथे घाई करू नका. आमच्या पाइपात ७९ हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे तेवढीच हवा बाहेर पडायची असते. सेकंदाला आठ लिटरपेक्षा जास्त सोडायचं नाही असं ठरवलं होतं. भरायला तीन तास लागले. टेकाडावरचा व्हॉल्व्ह सगळा वेळ सुसू करत होता. हौदाकडच्या टोकाला झाकण लावून त्याच्यामागे लाकडी ओंडके न खोदलेल्या जमिनीला टेकवले होते. रात्रभर पाइप भरलेला ठेवला आणि सकाळी हातपंपाने दाब वाढवायला सुरुवात केली.

पाइप सॉकेटमध्ये घालताना प्रत्येक पाइपवर मार्करने एक रेघ मारलेली होती. पाइप कुठवर आत गेला ते त्या रेघेवरून कळतं. सॉकेटच्या तोंडापासून ती किती लांब आहे हे बेंडजवळच्या सगळ्या जोडांवर आम्ही आदल्या दिवशी मोजून वहीत लिहून ठेवलं होतं. गेजवर पाच किलो आले तेव्हा रस्त्यापलीकडच्या ४५ अंशाच्या बेंडजवळ आमच्यातला एकजण ओरडला. रेघ बारा मिलिमीटर बाहेर आली होती. पाणी एक थेंबही गळत नव्हतं. गेजही स्थिर होता. रेघ नसती तर आम्ही दाब तसाच वाढवत नेला असता आणि सहा किलोच्या पुढे कुठेतरी जोड सुटून सिमेंटच्या आवरणावरचा रस्ता धुपला असता.

दाब लगेच उतरवला. ठोकळ्यामागे उकरलं तर तिथे पोकळ माती. ठेकेदाराच्या माणसांनी बकेट वळवायला म्हणून तिथे चर मोठा घेतला होता, नंतर माती परत लोटली आणि त्या लोटलेल्या मातीवर काँक्रीट टेकवलं. वरून ठोकळा अगदी नीटस दिसत होता. पाच किलोला त्या बेंडवर सव्वा टन जोर होता आणि लोटलेल्या मातीने तो पेलला नाही. ती सगळी माती काढली, मागे न हललेला मुरूम उभा कापून घेतला आणि ठोकळा आणि मुरूम यांच्यामधली जागा नव्या काँक्रीटने भरली. पुन्हा सात दिवस थांबलो. दुसऱ्या चाचणीत साडेसहा किलो दोन तास ठेवले. रेघ हलली नाही.

चर बुजवायची घाई इथेही करू नका. पाइपच्या मधल्या भागावर माती टाकून ठेवावी, म्हणजे पाइप उचलला जात नाही, पण जोड आणि बेंड चाचणी होईपर्यंत उघडे ठेवावेत. ठेकेदार सांगेल, "पाऊस येईल, बुजवून टाकू." आम्ही चाचणीनंतरच चर बुजवला. ठेकेदाराचं शेवटचं बिल चाचणीनंतरच द्यायचं, ही अट करारात आधीच घातली असली की बोलणं सोपं जातं.

जून-जुलै वीजजोडणीची वाट बघण्यात गेले. २० अश्वशक्तीची मोटर, कोटेशन भरलेलं, पण खांबांचं काम राहिलेलं. ऑगस्टच्या शेवटी जोडणी आली आणि आम्ही मोटर सुरू केली.

हौदात पाणी पडलं, पण ज्या जोराने पडायला हवं त्या जोराने नाही. मधूनच थुंकल्यासारखं यायचं, मग सलग, मग पुन्हा थुंकी. हौद तीन मीटर बाय दोन मीटरचा. त्यात एक मीटर पाणी चढायला सहा मिनिटं पन्नास सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला साडेचौदा लिटर. ठरवलं होतं वीस. मोटरचे अँपिअर कमी होते, पंपाजवळचा दाब जास्त होता. आप्पांना फोन केला तर त्यांनी दोनच प्रश्न विचारले: अँपिअर किती आणि दाब किती. "पंप चांगला आहे. लाइनीत काहीतरी अडलंय. टेकाडाकडं जावा."

टेकाडावरचा व्हॉल्व्ह आम्ही ठिबकच्या दुकानातून आणला होता. प्लास्टिकचा, दोन इंची, साडेनऊशे रुपयांचा. लाइन भरताना त्याने हवा सोडलेली आम्ही पाहिली होती, त्यामुळे त्याच्यावर संशय नव्हता. मोटर चालू असताना तो अगदी शांत होता. व्हॉल्व्हच्या शेजारी, पाइपच्या माथ्यावर आप्पांनी आधीच एक छोटी तोटी बसवायला लावली होती. ती जरा सैल केली तर पाणी नाही, नुसती हवा. सतत, शिट्टी वाजवत. आम्ही तोटी उघडी ठेवून बसलो. बराच वेळ हवा निघाली, मग दुधाळ पाणी, मग स्वच्छ. पलीकडे हौदावर असलेल्याचा फोन आला की धार वाढली. पुन्हा मोजलं: पाच मिनिटं. सेकंदाला वीस लिटर.

असं का झालं ते नंतर आप्पांनी समजावलं. टेकाडाच्या उताराकडच्या बाजूला हवेचा लांब पट्टा बसला की त्याच्याखालून पाणी पाटासारखं घरंगळत जातं. पाइप भरलेला नसतो, म्हणून त्या उतारात पाणी जेवढं खाली येतं तेवढी उंची वाया जाते. ओढ्याकडचा आमचा उतार नऊ मीटरचा. हवेने त्यातला बहुतेक भाग व्यापला तर पंपाला ३४ मीटरऐवजी ४२ मीटरच्या आसपास उचलायचं काम पडतं. पाइप कुठे फुटत नाही, पाणी कुठे गळत नाही, फक्त हौद सावकाश भरतो आणि आपण पंपाला दोष देत बसतो.

आणि व्हॉल्व्ह असताना हवा साठली कशी? कारण तो एकाच मोठ्या तोंडाचा होता. आत एक हलका गोळा असतो. लाइन भरून पाणी वर आलं की गोळा तरंगून तोंड बंद करतो. नंतर पाण्यातून सुटलेली आणि पंपाने ओढलेली हवा हळूहळू साठते, पाण्याची पातळी खाली जाते आणि गोळ्याने खाली पडायला हवं. पण आता त्याच्या खालच्या हवेला सव्वा किलोचा दाब आहे आणि तोंडाचं क्षेत्रफळ वीस चौरस सेंटिमीटर. म्हणजे पंचवीस किलोचा जोर गोळ्याला वर दाबून धरतो. काही ग्रॅम वजनाचा गोळा खाली कसा पडणार? चालू लाइनीतली हवा सोडायला अगदी बारीक छिद्र लागतं. अडीच मिलिमीटरचं छिद्र असेल तर त्याच दाबाला फक्त साठ ग्रॅमचा जोर येतो, आणि तेवढा गोळा आपल्या वजनाने सोडवू शकतो. म्हणून पाणीपुरवठ्याच्या लाइनींवर दुहेरी तोंडाचा व्हॉल्व्ह वापरतात. मोठं तोंड लाइन भरताना आणि रिकामी होताना, बारीक तोंड चालू असताना.

सप्टेंबरमध्ये तसा बिडाचा दुहेरी व्हॉल्व्ह आणला. दुकानात मागताना नुसतं "एअर व्हॉल्व्ह" म्हणू नका, "चालू दाबात हवा सोडणारा, दुहेरी तोंडाचा" असं सांगा आणि बारीक छिद्र कुठे आहे ते दाखवायला सांगा. ढोबळ नियम असा आहे की हवा सोडायची आणि आत घ्यायचीही असेल तर व्हॉल्व्ह पाइपच्या आठव्या हिश्श्याचा हवा. आमच्या २०० मिलिमीटरला २५ पुरला असता. आम्हाला मिळाला तो ५० चा, साडेसात हजारांना. मोठा व्हॉल्व्ह फुकटचा फायदा नसतो. लाइन जोरात भरली तर हवा भसकन निघून जाते, गोळा एकदम आपटतो आणि पाण्याचा धक्का थेट जोडांना बसतो. म्हणून रिकामी लाइन भरताना आम्ही पंपाजवळचा स्लुइस व्हॉल्व्ह पाव उघडून सुरुवात करतो आणि टेकाडावरचा आवाज थांबल्यावरच पूर्ण उघडतो.

एअर व्हॉल्व्हऐवजी नुसती तोटी ठेवून रोज हाताने हवा सोडली तर चालेल का, असं आमच्यातल्या एकाने विचारलं होतं. हवा सोडायला चालेल, पण लाइट गेल्यावर काय? आमच्याकडे लाइट मधूनच जातो. मोटर थांबते, पण टेकाडापलीकडचं पाणी वेगात पुढे जात राहतं आणि टेकाडावर पोकळी तयार होते. ती पोकळी रबर रिंगांना आत ओढते. मग पाणी उलटून परत येतं आणि दोन्ही बाजूंचं पाणी एकमेकांवर आदळतं. पीव्हीसीत आमच्या वेगाला हा धक्का साधारण अडीच किलोचा धरावा, असं आप्पांनी सांगितलं. तो कामाच्या दाबावर वाढून येतो आणि प्रत्येक बेंडच्या ठोकळ्याला जाणवतो. मोठं तोंड त्या क्षणी उघडून हवा आत घेतं आणि पोकळी होऊ देत नाही. लाइट गेला की टेकाडावर जाऊन व्हॉल्व्हजवळ कान दिला तर हवा आत जाताना ऐकू येते. तसं ऐकू आलं नाही, तर गोळा चिकटला आहे असं समजून व्हॉल्व्ह उघडावा. व्हॉल्व्हच्या खाली एक स्लुइस व्हॉल्व्ह बसवलेला असला की मोटर न थांबवता तो साफ करता येतो. आम्ही तो सुरुवातीला पैसे वाचवायला वगळत होतो, आप्पांनी ऐकलं नाही.

खर्च सांगतो. पाइपचाच खर्च वीस लाखांच्या पुढे गेला. सगळे ठोकळे मिळून खोदकाम, सिमेंट, खडी आणि मजुरी धरून सुमारे बेचाळीस हजार. टेकाडावरचा व्हॉल्व्ह, टी, स्लुइस व्हॉल्व्ह आणि चेंबर मिळून अठरा हजार.

ऑक्टोबर छाटणीनंतर लाइन रोज चालू आहे. पावसाळ्यातलं गढूळ पाणी गेल्यावर एअर व्हॉल्व्ह उघडून गोळे धुतले, बारीक छिद्रात गाळ बसला होता तो सुईने काढला. उन्हाळ्यात काळी माती आकसली की रस्त्याजवळच्या आणि तात्यांच्या बांधावरच्या ठोकळ्यांमागे भेग पडते का ते बघायचं आहे. त्यासाठी त्या बेंडजवळच्या जोडांवर मातीऐवजी उचलता येतील अशा फरशा ठेवल्या आहेत. रेघेची मापं संमतिपत्रांच्या फाइलीतच लावली आहेत, नकाशासकट.